पाच स्टारचा कुकर मागवण्याआधी

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आज आपण मोबाइलवरून खरेदी करताना वस्तूच्या नावाखाली जे पिवळे स्टार दिसतात, त्यांच्याबद्दल बोलणार आहोत. ते स्टार कोण देतं, खोटे कसे तयार होतात, आणि पैसे भरायच्या आधी आपल्याला ते कसं ओळखता येईल, एवढंच. सगळ्या वस्तूंबद्दल एकदम बोललो तर काहीच हाती लागणार नाही, म्हणून आपण एकच वस्तू धरून चालू. प्रेशर कुकर. रोज वरणाला लागतो, आगीवर चढतो, आणि बिघडला तर नुसते पैसे जात नाहीत, हातही भाजतो.

समजा, पाच लिटरचा एक कुकर आहे. किंमत 849 रुपये. कंपनीचं नाव आपण कधी ऐकलेलं नाही. खाली लिहिलंय 4.1 स्टार आणि 120 लोकांचं रेटिंग. भांड्यांच्या दुकानात याच मापाचा नावाजलेला कुकर बराच महाग पडतो. आपण म्हणतो, एवढ्या लोकांनी घेतला, चांगलाच असेल. थोडं थांबा. हे 4.1 कसं तयार होऊ शकतं, ते आधी पाहू.

धरून चला की हा कुकर खरोखर विकत घेऊन वापरलेल्या 60 बायकांनी रेटिंग दिलं. त्यातल्या 15 जणींनी पाच स्टार दिले, 14 जणींनी चार, 12 जणींनी तीन, 6 जणींनी दोन आणि 13 जणींनी एक. सगळे स्टार मिळवले तर होतात 192. त्याला 60 ने भागलं की सरासरी येते 3.2. म्हणजे बेताचाच कुकर. आता विकणाऱ्याने आणखी 60 जणांकडून पाच-पाच स्टार लिहून घेतले. 300 स्टार वाढले. 492 भागिले 120, आले 4.1. कुकर तोच, रबर तेच, शिट्टी तीच. आकडा मात्र बेताच्या मालावरून चांगल्या मालावर गेला. काही संकेतस्थळं साधी सरासरी न काढता आपल्या पद्धतीने हिशेब लावतात, पण ढकलण्याची रीत हीच.

हे 60 जण मिळतात कुठे? इथेच खरी गंमत आहे, आणि आपल्या घरातली कुणीही नकळत त्यात ओढली जाऊ शकते. टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर असे गट चालतात. गटातला एजंट वस्तूंची यादी टाकतो. तुम्ही स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावाने वस्तू मागवायची. ऑर्डरचा स्क्रीनशॉट एजंटला पाठवायचा. पार्सल आलं की पाच स्टार द्यायचे, दोन चांगली वाक्यं लिहायची, जमलं तर फोटो टाकायचा. रिव्ह्यू दिसायला लागला की त्याचा स्क्रीनशॉट पाठवायचा, आणि मग काही दिवसांनी तुमचे पैसे यूपीआयने परत. वस्तू फुकट तुमच्याकडे. निदान सांगितलं तरी असंच जातं. पैसे परत आलेच नाहीत तर तक्रार कुणाकडे करणार? आपणच खोटं लिहिलेलं असतं.

हा प्रकार आपल्याकडेच आहे असं नाही. जुलै 2022 मध्ये ॲमेझॉनने दहा हजारांहून जास्त फेसबुक गटांच्या चालकांवर खटला भरला. पैसे किंवा फुकट वस्तू देऊन लोकांकडून रिव्ह्यू लिहून घेतात, असा आरोप होता. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, जपान अशा देशांतले बाजार त्यात होते.

विकणाऱ्याला हे परवडतं का, असं तुम्ही विचाराल. आपल्या कुकरचा हिशेब करा. 60 जणांना 849 रुपये परत द्यायचे म्हणजे 50 हजार 940 रुपये. पण ते पैसे आधी गिऱ्हाईकाने भरलेलेच असतात. संकेतस्थळाचं कमिशन आणि पाठवणीचा खर्च कापून बाकीचे विकणाऱ्याकडेच येतात. म्हणजे त्याच्या खिशातून खरं जातं ते मालाची किंमत, कमिशन, पाठवणी आणि एजंटचे पैसे. आकडा 4 च्या वर गेला की पुढची शेकडो गिऱ्हाइकं आपोआप येतात. धंद्याच्या हिशेबाने जाहिरातीपेक्षा हे स्वस्त पडतं.

आता यातली एक बाब नीट लक्षात घ्या. या लोकांनी वस्तू खरंच मागवलेली असते. त्यामुळे त्यांच्या नावाखाली Verified Purchase किंवा Certified Buyer असं लिहून येतं. आपल्याला वाटतं, शिक्का आहे म्हणजे रिव्ह्यू खरा. तो शिक्का एवढंच सांगतो की या खात्यावरून ही वस्तू ऑर्डर झाली. पैसे शेवटी कुणी दिले, हे त्याला कळत नाही. शिक्का नसलेल्या रिव्ह्यूकडे दुर्लक्ष करा, हे ठीकच. पण शिक्का असलेल्यावर तेवढ्याने विसंबू नका.

मग ओळखायचं कसं? पैशाने घेतलेल्या रिव्ह्यूचा एक कच्चा दुवा असतो, तो म्हणजे वेळ. ज्या बाईला पैसे परत हवेत, ती दोन-तीन महिने कुकर वापरून मग लिहीत नाही. पार्सल आल्यावर चार-आठ दिवसांत लिहून मोकळी होते. आणि चार दिवसांत कुकरबद्दल काय कळतं? खोका चांगला होता, चकाकी छान आहे, वेळेवर आला, किमतीच्या मानाने मस्त, भेट द्यायला उत्तम. यातलं एकही वाक्य कुकरबद्दल नाही. कुकर कसा आहे हे कळायला रबर किती दिवसांत सैल पडलं, झाकणाच्या कडेने वाफ जाते का, शिट्टीऐवजी नुसती फुसफुस होते का, दांड्याचा स्क्रू ढिला झाला का, तुरीची डाळ किती शिट्ट्यांत शिजते, गॅसवर काही महिने चढल्यावर बूड वाकलं का, हे पाहावं लागतं. त्याला दिवस लागतात. म्हणून मी आधी रिव्ह्यू लिहिणारीने वस्तू किती दिवस वापरली ते शोधते, स्टार नंतर बघते. “चार महिने झाले, रोज दोनदा लावते, आता रबर बदलावं लागलं” असं लिहिणारीने तीन स्टार दिले असले, तरी ते “सुपर प्रॉडक्ट” लिहिणाऱ्या दहा पाच-स्टारवाल्यांपेक्षा कामाचे.

आता मोबाइल हातात घ्या आणि तोच 849 चा कुकर उघडा. स्टारच्या आकड्यावर बोट ठेवलं की पाच पट्ट्या उघडतात. पाच स्टार किती टक्के, चार किती, असं खाली एकपर्यंत. आपल्या कुकरचं चित्र असं दिसेल: पाच स्टार जवळजवळ 63 टक्के, चार 12, तीन 10, दोन 5 आणि एक 11 टक्के. वर मोठी पट्टी, मध्ये बारीक, आणि तळाशी पुन्हा जाडसर. काही जणी सांगतात की असं चित्र दिसलं की माल खोटा समजा. मला ते पटत नाही. खऱ्या वस्तूंचंही चित्र पुष्कळदा असंच असतं, कारण फार खूश झालेली आणि फार चिडलेली माणसंच लिहायला बसतात. ‘ठीक आहे’ म्हणणारी लिहीतच नाही. म्हणून पट्ट्या पाहून शंका घ्यायची, निकाल द्यायचा नाही.

निकालासाठी तळाच्या पट्टीवर बोट ठेवा. एक स्टारचे रिव्ह्यू वेगळे उघडतात. ते सगळे वाचा, आपल्या कुकरचे तर 13 च आहेत, त्यातही काहींनी नुसते स्टार दिलेले असतील. त्यातले काही बाजूला काढायला हरकत नाही. कुरिअरवाला उशिरा आला, खोका फाटला होता, रंग वेगळा निघाला, असल्या तक्रारी कुकरच्या नाहीत. एखादा प्रतिस्पर्धी विकणाराही खोटा एक स्टार देऊन जातो, तेही होतं. पण समजा, उरलेल्यांत पाच जणींनी आपापल्या शब्दांत एकच गोष्ट लिहिली आहे: महिना-दोन महिन्यांत कडेने वाफ जायला लागली, आणि या कुकरचं रबर बाजारात मिळत नाही. वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या गावच्या बायकांनी एकच बिघाड सांगितला, की तो खरा धरायचा. खोटा रिव्ह्यू लिहिणारीला बिघाडाचं असं बारीक वर्णन सहसा जमत नाही. त्यानंतर दोन आणि तीन स्टारवाल्या वाचा. या सगळ्यात कामाच्या, कारण पैसे घेऊन कुणी तीन स्टार देत नाही, आणि रागाच्या भरातही कुणी तीन स्टार देत नाही.

दुसरी पाहणी तारखांची. उघडल्याबरोबर जे रिव्ह्यू दिसतात ते संकेतस्थळाने निवडलेले, वर ठेवलेले असतात. तिथे Most recent किंवा Latest असा पर्याय असतो. ॲप मराठीत केलं असेल तर ‘सर्वात अलीकडील’ अशासारखं काही लिहिलेलं असतं. तो दाबा आणि तारखा बघत खाली जा. आपल्या कुकरला वर्षभर महिन्याला चार-पाच रेटिंग येत होते, आणि मग एकाच महिन्यात 60 पाच-स्टार आले, तर का आले ते स्वतःला विचारा. दिवाळी असेल, मोठा सेल असेल, तर विक्री वाढते आणि रिव्ह्यूही वाढतात, हे खरं. पण सेलमध्ये सगळ्याच जातीचे रिव्ह्यू वाढतात, चांगलेही आणि वाईटही. नुसते पाच-स्टारच वाढले आणि त्यांच्या पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा एक-दोन स्टारवाल्या यायला लागल्या, तर तो लोंढा विकत घेतलेला असण्याची शक्यता मोठी.

इथे भाषेबद्दल थोडं बोलते. इंग्रजी लेखांत एक खूण हमखास सांगतात, की मोडकं इंग्रजी दिसलं तर रिव्ह्यू खोटा. ही खूण आपल्याकडे चालत नाही बाई! आपल्या लोकांनी मनापासून लिहिलेले रिव्ह्यू मोडक्या इंग्रजीत, रोमन अक्षरांतल्या हिंदीत, मराठीतच असतात. मला तर “rubber 2 mahine me kharab” असं लिहिलेलं पाहिलं की जास्त भरवसा वाटतो. उलट वस्तूचं लांबलचक नाव जसंच्या तसं रिव्ह्यूत पुन्हा लिहिलेलं असेल, “हा अमुक कंपनीचा पाच लिटर इंडक्शन बेस ॲल्युमिनियम प्रेशर कुकर अतिशय उत्तम आहे” अशा थाटात, तर मला खटकतं. आपण जाऊबाईला कुकरबद्दल सांगताना असं बोलतो का?

आता दुसरी युक्ती, जी या सगळ्यातून निसटते. यात रिव्ह्यू खरे असतात, पण दुसऱ्याच वस्तूचे असतात. संकेतस्थळावर एकाच पानावर रंग आणि माप निवडायची सोय असते: तीन लिटर, पाच लिटर, लाल, काळा. या सगळ्यांचे रिव्ह्यू एकत्र मोजले जातात. काही विकणारे या सोयीचा गैरफायदा घेतात. जुन्या, नावाजलेल्या वस्तूच्या पानावर नवी, वेगळीच वस्तू ‘आणखी एक माप’ म्हणून चिकटवतात, आणि जुन्याचे सगळे स्टार नव्याला मिळतात. अमेरिकेत फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने बाउंटिफुल नावाच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकणाऱ्या कंपनीवर याच कारणाने कारवाई केली आणि तिला सहा लाख डॉलर भरायला लावले. नव्या गोळ्या तिने ॲमेझॉनवर जुन्या, खपाच्या गोळ्यांबरोबर जोडून टाकल्या होत्या.

हे ओळखायला फार डोकं लागत नाही, फक्त डोळे उघडे हवेत. रिव्ह्यूत लोकांनी टाकलेले फोटो बघा. तुम्ही पाहताय बाहेरच्या झाकणाचा पाच लिटरचा कुकर, आणि फोटोत आतल्या झाकणाचा कुकर दिसतोय, किंवा चक्क तवा दिसतोय. प्रत्येक रिव्ह्यूखाली बारीक अक्षरांत त्या बाईने घेतलेलं माप आणि रंगही लिहिलेला असतो. तुम्हाला पाच लिटरचा घ्यायचा आहे तर पाच लिटरवाल्यांचेच वाचा. कितीतरी वेळा 120 तले पाच लिटरचे दहाच निघतात.

आणि रिव्ह्यूत शोधायची जागा दिली असेल तर तिथे एक शब्द टाकून बघा: rubber, gasket, whistle, leak. जे बिघडतं त्याचं नाव टाकायचं. मिक्सर घेताना motor आणि jar, बॅटरी घेताना charging. मग सगळे वाचत बसावं लागत नाही.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट स्टारांतून कधीच कळणार नाही, ती म्हणजे कुकर सुरक्षित आहे का. पाच स्टार देणारी प्रामाणिक असली तरी सेफ्टी व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उडेल की नाही हे तिला माहीत नसतं. ते प्रयोगशाळेत तपासावं लागतं. आपल्याकडे 1 फेब्रुवारी 2021 पासून घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. तरी ऑगस्ट 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका नामांकित संकेतस्थळाविरुद्ध आदेश काढला, कारण तिथून हे मानक न पाळणारे 2,265 कुकर विकले गेले होते. एक लाख दंड, आणि घेणाऱ्या सगळ्यांना कळवून कुकर परत घेण्याचा, पैसे देण्याचा हुकूम. संकेतस्थळावर आहे म्हणजे कुणीतरी तपासलं असेल, हा समज तेवढ्याने सुटायला हवा.

म्हणून विक्रीच्या फोटोत, किंवा पार्सल आल्यावर कुकरवर, ते चिन्ह शोधा. चिन्हाच्या वर IS 2347 असं लिहिलेलं हवं आणि खाली CM/L लिहून पुढे परवान्याचा क्रमांक. तो क्रमांक BIS Care नावाच्या सरकारी ॲपमध्ये Verify Licence Details इथे टाकला, की परवाना कुणाच्या नावे आहे आणि चालू आहे का ते दिसतं. नाव वेगळंच निघालं किंवा क्रमांक सापडलाच नाही, तर तो कुकर गॅसवर चढवू नका, तसाच परत पाठवा. फोटोत चिन्हच दिसत नसेल तर मागवायचाच कशाला? आणि एक फोन आपल्या नेहमीच्या भांडीवाल्याला करा, या कंपनीचं पाच लिटरचं रबर तुमच्याकडे मिळतं का म्हणून. रबर दिग्रसात मिळत नसेल तर स्वस्त कुकर सहा महिन्यांत माळ्यावर जातो.

पार्सल उघडताना आत एखादं रंगीत कार्ड निघालं तर नीट वाचा. ‘पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट या नंबरवर पाठवा, शंभर रुपये मिळवा’ असं त्यावर असेल, तर आपण पाहिलेल्या स्टारांपैकी बरेच असेच आलेत हे तिथेच कळलं. कार्ड फेकू नका, फोटो काढून ठेवा.

कायदा काय म्हणतो? 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विकणाऱ्याने स्वतः गिऱ्हाईक असल्याचं भासवून आपल्याच मालाचे रिव्ह्यू टाकायला मनाई आहे. शिवाय भारतीय मानक ब्यूरोचं IS 19000 हे ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीचं मानक 25 नोव्हेंबर 2022 पासून आलं. पैसे देऊन लिहून घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत, लिहिणारी व्यक्ती खरी आहे का ते पडताळावं, असं त्यात आहे. पण ते आलं तेव्हा ऐच्छिक म्हणून आलं. त्यामुळे कुकर निवडताना आपलं काम आपल्यालाच करावं लागतं.

घरबसल्या कामाचे मेसेज येतात त्याबद्दलही सांगते, कारण त्यांची सुरुवात याच स्टारांनी होते. ‘हॉटेलला रेटिंग द्या, प्रत्येकी पन्नास रुपये’ असा मेसेज येतो, पहिल्या दोन-तीनचे पैसे खरंच खात्यात येतात, आणि मग मोठ्या कामासाठी आधी तुम्ही पैसे भरा म्हणतात. भरलेले पैसे परत येत नाहीत. महाराष्ट्रात पोलिसांकडे अशा फसवणुकीच्या पुष्कळ तक्रारी आल्या आहेत. तुम्ही पैसे भरून बसला असाल तर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

वस्तू खराब निघाली आणि विकणारा दाद देत नसेल, तर त्यासाठी वेगळा नंबर आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. फोन फुकट लागतो आणि मराठीतही बोलता येतं. फोन करण्याआधी ऑर्डरचा क्रमांक, बिल, कुकरचा आणि चिन्हाच्या जागेचा फोटो, विकणाऱ्याशी झालेलं बोलणं, आणि ते शंभर रुपयांचं कार्ड मिळालं असेल तर त्याचा फोटो, एवढं जवळ ठेवा. तक्रार नोंदली की क्रमांक मिळतो, तो वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी फोन केला की तोच विचारतात.